म्हशीला चार टक्के, केळीला अठ्ठावीस: विम्याचा हप्ता कसा निघतो याचा कागदावरचा हिशेब

यावल तालुक्यातल्या माझ्या मामांकडे दोन विमे असतात. एक गोठ्यातल्या म्हशींचा, दुसरा तापीकाठच्या केळीचा. मी बरीच वर्षं एका विमा कंपनीत दर काढायच्या टेबलावर होतो, म्हणून सुट्टीत गेलो की मामांचे प्रश्न तयारच असतात. एकदा दोन्ही कागद खाटेवर मांडून ते म्हणाले, "भाऊ, म्हैस जित्राब आहे, आज आहे उद्या नाही. तिला शेकडा चार रुपये. केळी जमिनीत उभी, कुठं पळून जात नाही. तिला शेकडा अठ्ठावीस? निम्म्याहून जास्त सरकार भरतं ते सोड. पण दर सातपट कसा?"

हा प्रश्न नीट सोडवला की विम्याचा निम्मा धंदा समजतो. त्या दुपारी आम्ही वहीच्या मागच्या पानांवर जो हिशेब केला, तोच इथे पायरीपायरीने देतो. यातली शक्यता आणि रकमा सोप्या हिशेबासाठी मी धरलेल्या आहेत. केळीच्या सरकारी विमा योजनेतल्या खऱ्या रकमा, तापमानाच्या मर्यादा आणि तारखा शासन निर्णयात छापलेल्या असतात, त्या तिथेच पाहाव्यात. रीत मात्र हीच.

पहिली पायरी: म्हशींची मोट

एका म्हशीची विमा रक्कम ८०,००० रुपये धरू. वर्षभरात १०० पैकी ३ म्हशी दगावतात असं आधीच्या नोंदींवरून दिसतं. मग एका म्हशीमागे सरासरी नुकसान ८०,००० च्या ३ टक्के, म्हणजे २,४०० रुपये. याला निव्वळ हप्ता म्हणतात. यात कंपनीचा खर्च नाही, नफा नाही, वाईट वर्षाच्या धास्तीची तरतूदही नाही.

आता गावातल्या १०० म्हशीवाल्यांनी कंपनीला बाजूला ठेवून आपसातच मोट बांधली आणि प्रत्येकी २,४०० रुपये जमा केले तर? डब्यात २,४०,००० जमतील, म्हणजे बरोबर तीन म्हशींचे पैसे. पण दरवर्षी मोजून तीनच म्हशी मरत नाहीत. शंभरातली पाचेक वर्षं अशी जातील की एकही मरणार नाही. काही वर्षी सहा मरतील, कधी सात. सातव्या म्हशीचे पैसे देता यावेत एवढी तयारी ठेवायची तर प्रत्येकाने ५,६०० रुपये काढले पाहिजेत. म्हणजे सरासरीच्या दुपटीहून जास्त.

आता हीच रीत १०,००० म्हशींना लावा. सरासरीने ३०० मरतील. चढउतार किती होईल? इथे एक नियम उपयोगी पडतो: जनावरं शंभरपट झाली की मृत्यूंच्या संख्येतला चढउतार शंभरपट होत नाही, तो वर्गमुळाच्या हिशेबाने दहापटच होतो. शंभर म्हशींत साधारण साडेतीनने वर जाण्याची भीती होती. दहा हजारांत ती साधारण ३४ ने वर जाण्याची आहे. म्हणजे वाईट वर्षी ३३४. माणशी हिशेब २,६७२ रुपये.

शंभरांच्या डब्याला सरासरीवर ३,२०० रुपये जादा ठेवावे लागत होते, दहा हजारांच्या डब्याला २७२. म्हैस तीच, तिचं मरणही तितकंच शक्य. जोखीम कमी झालेली नाही, फक्त ती आधी सांगता येण्याजोगी झाली आहे. मोठ्या संख्येचा हा नियम याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने सिद्ध केला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर १७१३ मध्ये छापला गेला. भिशी चालवणाऱ्यांना यात भिशीसारखं काहीतरी दिसतं, पण फरक मोठा आहे. भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतोच. विम्यात बहुतेकांचा कधीच लागू नये यावरच सगळं उभं असतं.

२,६७२ वर खर्च चढतो: कानातला बिल्ला, पशुवैद्यकीय दाखला, एजंट, दावा आल्यावर शवविच्छेदनाचा अहवाल. लहान रकमेच्या विम्यात हा खर्च अंगावर येतो. घेतलेल्या हप्त्याच्या २० टक्के धरला तर २,६७२ भागिले ०.८०, म्हणजे ३,३४० रुपये. ८०,००० वर हा दर होतो साधारण ४.२ टक्के. मामांच्या कागदावरचे चार टक्के आले कुठून ते सापडलं.

दुसरी पायरी: मोट कुठे फाटते ते पाहणे

वरच्या हिशेबात मी एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली होती. एक म्हैस मेली म्हणून शेजारची मरत नाही. वर्गमुळाचा तो नियम एवढ्या एकाच अटीवर चालतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये ही अट आमच्याच भागात मोडली. लम्पीच्या त्या साथीची राज्यातली पहिली नोंद रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली आणि मग साथ जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. लम्पीने गाय-बैल धरले, म्हशींना फारसा त्रास झाला नाही. ज्या कंपनीने जनावरांच्या विम्यात गायी आणि म्हशी दोन्ही सारख्या घेतल्या होत्या तिला धक्का कमी, फक्त गायी घेतल्या होत्या तिला जास्त. विम्यात संख्या मोठी असून भागत नाही, त्या संख्येतल्यांचं नशीब वेगवेगळं असावं लागतं.

केळीत तर ही अट मुळातच लंगडी आहे.

तिसरी पायरी: केळीची वीस वर्षं वहीत उतरवणे

केळीचा जो विमा खानदेशात चालतो तो हवामानावर आधारलेला आहे. पीक पाहून नव्हे, तर हवामान केंद्रावर ठरलेली मर्यादा ओलांडली गेली की भरपाई, हे त्याचं मुख्य तत्त्व. त्यामुळे दर काढणाऱ्याला बागेत जावं लागत नाही. त्याला महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या मिळून, हवामानाचा इतिहास हवा असतो.

एक मंडळ धरू, त्यात विमा काढलेली केळी २,००० हेक्टर, आणि हेक्टरी विमा रक्कम १,००,०००. तीन धोके घेऊ. डिसेंबर-जानेवारीतली थंडी, जिच्यामुळे निसवण लांबते आणि घड बारीक पडतो. एप्रिल-मेची उष्णता, म्हणजे सलग पाच दिवस ४२ अंश किंवा वर. आणि मे-जूनचा वादळी वारा, ज्यात घड लागलेली बाग एका रात्रीत आडवी होते. माझ्या उदाहरणात मर्यादा ओलांडली की मंडळातल्या सगळ्यांना सारखी भरपाई: थंडीला २०,०००, उष्णतेला २५,०००, वाऱ्याला ५०,०००.

वीस वर्षांच्या नोंदी काढल्या. थंडीने मर्यादा ओलांडली ४ वर्षी, उष्णतेने ८ वर्षी, वाऱ्याने ३ वर्षी. मग:

थंडी: २० पैकी ४, म्हणून २०,००० चा पाचवा हिस्सा, ४,००० रुपये.
उष्णता: २० पैकी ८, म्हणून २५,००० चे ४० टक्के, १०,००० रुपये.
वारा: २० पैकी ३, म्हणून ५०,००० चे १५ टक्के, ७,५०० रुपये.

बेरीज हेक्टरी २१,५००. म्हशीशी तुलना इथेच निम्मी झाली. म्हैस १०० वर्षांत ३ वेळा पैसे मागते, केळी १०० वर्षांत ४० वेळा नुसत्या उन्हासाठी मागते. मामा यावर म्हणाले, "मग हा विमा कशाला, हा तर दर दोन वर्षांचा खर्चच झाला." बोलणं खोटं नाही. जो धोका एकाआड एक वर्षी येतो त्याचा विमा काढणं म्हणजे आपलेच पैसे कंपनीमार्फत, खर्च वजा करून, परत घेणं. सरकारी अनुदान नसतं तर उन्हाचा हा तुकडा विम्यात कुणी ठेवला नसता, फक्त वाऱ्याचा ठेवला असता.

चौथी पायरी: इतिहासावर आंधळा विश्वास न ठेवणे

२१,५०० हा आकडा कच्चा आहे. दर काढणाऱ्याचं खरं काम इथे सुरू होतं, आणि बहुतेक भांडणंही इथलीच असतात.

उष्णतेची ती ८ वर्षं नीट पाहिली तर पहिल्या दहा वर्षांत २ आणि नंतरच्या दहा वर्षांत ६ आहेत. मग येत्या वर्षाची शक्यता किती, ४० टक्के की ६० टक्के? सगळी वीस वर्षं घेतली तर तापत चाललेल्या उन्हाकडे डोळेझाक होते. फक्त शेवटची दहा घेतली तर थोड्या वर्षांवर जास्त भरवसा टाकल्यासारखं होतं. आम्ही दोन्हींच्या मधोमध, ५० टक्के धरत असू. उष्णतेचा निव्वळ हप्ता मग १२,५००.

वाऱ्याची अडचण वेगळी आहे. वीस वर्षांत तीन घटना म्हणजे फार तुटपुंजी माहिती. खरी शक्यता दहा टक्के असतानाही निव्वळ योगायोगाने तीन वादळं पडू शकतात. शक्यता वीस टक्के असतानाही तीनच पडू शकतात. म्हणून शेजारच्या मंडळांची मदत घ्यायची. समजा आसपासच्या १२ मंडळांच्या वीस-वीस वर्षांत, म्हणजे एकूण २४० नोंदींत, वारा २४ वेळा लागला. हे झाले १० टक्के. आपल्या मंडळाचे १५ आणि परिसराचे १०, दोन्हींना सारखं वजन दिलं तर १२.५ टक्के. ५०,००० वर ६,२५० रुपये.

सारखंच वजन का? आपल्या मंडळाच्या नोंदी जितक्या जास्त आणि विश्वासू, तितकं तिचं वजन वाढवायचं. कमी असतील तर परिसराकडे झुकायचं. आणि इथे एक गोची आहे. मंडळातली स्वयंचलित हवामान केंद्रं गेल्या दहा-एक वर्षांतली. त्याआधीचे आकडे लांबच्या जुन्या केंद्रावरून आणावे लागतात, आणि तापमान तरी त्यातल्या त्यात चालतं, वारा मुळीच चालत नाही. दहा कोसांवरच्या केंद्राला आपल्या शिवारातलं वादळ दिसत नाही.

सुधारलेली बेरीज: थंडी ४,०००, उष्णता १२,५००, वारा ६,२५०. एकूण २२,७५०.

पाचवी पायरी: सगळे एकदम पडतात तेव्हा

म्हशींच्या वेळी लोक वाढले की धास्ती कमी झाली. केळीत तसं करून पाहू.

मंडळात एकच विमेदार असला आणि वारा लागला तर कंपनी हेक्टरी ५०,००० देते. दोन हजार हेक्टर असले आणि वारा लागला तर? हेक्टरी ५०,०००च देते, फक्त २,००० वेळा. दहा कोटी. माणसं वाढवून हेक्टरी धास्ती एका रुपयानेही उतरली नाही, कारण सगळ्यांचं नशीब एकाच हवामान केंद्राच्या खांबाला बांधलेलं. वहीत दोन हजार नावं असली तरी विम्याच्या दृष्टीने ती एकच म्हैस आहे.

मग मंडळं वाढवायची. इथे वारा आणि ऊन वेगळं वागतात, आणि ही गोष्ट शेतकऱ्यांशी बोलताना मला नेहमी सगळ्यात जास्त वेळ समजावावी लागते. वादळ पट्ट्याने येतं. रावेरकडे बागा झोपतात तेव्हा चोपड्याला पानही हललेलं नसतं. त्यामुळे रावेरपासून चोपड्यापर्यंतची मंडळं एकत्र केली की वाऱ्याच्या बाबतीत मोट थोडीफार खरी होते. ऊन तसं नाही. मे महिन्यात जळगाव तापलं की भुसावळही तापतं, शिरपूर-शहादाही तापतं. तीनही जिल्हे एकत्र केले तरी उन्हासाठी ते एकच शिवार. त्याला जोड हवी कोकणातल्या आंब्याची, नागपुरी संत्र्याची, सांगोल्याच्या डाळिंबाची, म्हणजे ज्यांचं वाईट वर्ष आपल्याबरोबर येत नाही अशांची. पीक विम्याच्या निविदा काढताना जास्त आणि कमी जोखमीचे दूरदूरचे जिल्हे एका गटात बांधतात ते यासाठी. पुष्कळांना वाटतं ती कागदी सोय आहे.

सहावी पायरी: वाईट वर्षाचे पैसे कुठून येणार?

ऊन आणि वारा एकाच वर्षी आले तर हेक्टरी ७५,००० द्यायचे. हप्ता जमलेला असेल २८,००० च्या आसपास. मधला ४७,००० चा खड्डा कुणीतरी भरायचा असतो.

त्यातला काही भाग कंपनीच्या भांडवलातून येतो. विमा नियामक प्राधिकरण कंपनीला ठराविक गरजेच्या दीडपट भांडवल राखायला लावतं, ते अशाच वर्षासाठी. बाकीचा भाग पुनर्विम्यातून, म्हणजे विमा कंपनीने काढलेल्या विम्यातून. भारतात प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला आपल्या धंद्याचा ठराविक हिस्सा सरकारी पुनर्विमा कंपनीला, म्हणजे जीआयसी री ला, द्यावाच लागतो. २०२२-२३ पासून तो ४ टक्के आहे. त्यापलीकडचा पुनर्विमा कंपनी आपल्या गरजेने विकत घेते. पुनर्विम्याचा धंदाच मुळी सगळे एकदम पडतात या अनुभवातून वाढला. स्वित्झर्लंडमधलं ग्लारुस गाव १८६१ मध्ये जळालं, तिथल्या विम्याची तयारी तोकडी पडली, आणि दोन वर्षांनी स्विस री ही कंपनी निघाली. आज आमच्या केळीची काही जोखीम अशाच परदेशी कंपन्यांच्या वहीत असते, कारण तापीकाठचं ऊन आणि फ्लोरिडाचं वादळ एकमेकांना ओळखत नाहीत.

हा आधार फुकट नाही. आमच्या हेक्टरसाठी एकूण १८,७५० रुपयांचं भांडवल अडकून राहतं आणि त्यावर वर्षाला १२ टक्के परतावा द्यावा लागतो असं धरलं, तर २,२५० रुपये. कंपनीचा बाकीचा धंदा, म्हणजे गाड्या, आरोग्य, दुकानं, जितका मोठा आणि वेगळा, तितकं कमी भांडवल ठेवून भागतं. नुसता केळीचाच विमा करणारी कंपनी असती तर हा आकडा दुप्पट-तिप्पट झाला असता.

२२,७५० अधिक २,२५०, बरोबर २५,०००.

सातवी पायरी: खर्च चढवणे, पण भागाकाराने

कर्मचारी, नोंदणी, तपासणी, दावे वाटप आणि थोडा नफा मिळून घेतलेल्या हप्त्याच्या १२ टक्के धरू. नवीन मुलं इथे हमखास चुकतात: २५,००० वर १२ टक्के चढवून २८,००० लिहितात. पण खर्च हप्त्याच्या टक्क्यांत आहे. २८,००० चे १२ टक्के होतात ३,३६०, आणि हातात उरतात २४,६४०. हेक्टरी ३६० रुपयांची तूट, २,००० हेक्टरांवर सात लाख वीस हजारांची. बरोबर रीत म्हणजे २५,००० भागिले ०.८८, उत्तर २८,४०९.

एक लाखावर २८.४ टक्के. मामांचे अठ्ठावीस सापडले.

निविदेत याच आकड्याभोवती कंपन्या बोली लावतात आणि सगळ्यात कमी दराची निवडली जाते. त्यात एक खोच असते: ज्याने उन्हाची शक्यता ५० ऐवजी ४० टक्के धरण्याची चूक केली त्याचाच दर सगळ्यात कमी येतो. त्यामुळे बोली जिंकली की आमच्या टेबलावर आधी थोडी शांतता पसरायची आणि कुणीतरी विचारायचं, "आपण काय विसरलो?"

हप्ता कोण भरतं आणि मोटेतून कोण सुटतं

या २८,४०९ पैकी व्यापारी आणि फळपिकांसाठी शेतकऱ्याचा मूळ वाटा विमा रकमेच्या ५ टक्के, म्हणजे आमच्या उदाहरणात ५,००० रुपये. बाकीचे २३,४०९ केंद्र आणि राज्य सरकारं देतात. केंद्राने २०२० पासून आपल्या हिश्श्याला मर्यादा घातली आहे: कोरडवाहू भागात ३० टक्के दरापर्यंत, बागायती भागात २५ टक्क्यांपर्यंत. त्याच्या वरचा भार केंद्र उचलत नाही.

अनुदान फक्त शेतकऱ्याच्या खिशाचं काम करत नाही, ते मोट फाटूही देत नाही. कसं ते पाहा. दोन मंडळं घ्या. एक सातपुड्याच्या आडोशाचं, तिथे वाऱ्याची शक्यता ५ टक्के. दुसरं उघड्या नदीपात्राकडचं, तिथे २० टक्के. दोन्हींत सारखेच विमेदार आणि दोघांना एकच दर लावला, तर सरासरी १२.५ टक्के, वाऱ्याचा हप्ता ६,२५०. आडोशाचा शेतकरी मूर्ख नसतो. त्याचा न्याय्य हप्ता २,५०० आहे हे त्याला गणिताशिवाय कळतं. तो विमा सोडून देतो. मागे उरतात फक्त नदीकाठचे, ज्यांचा खरा हप्ता १०,०००. कंपनीने ६,२५० घेतले होते, ती तोट्यात जाते, पुढच्या वर्षी दर वाढवते, मग नदीकाठचेही जे त्यातल्या त्यात सुरक्षित आहेत ते बाहेर पडतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं कंपनी लोभी झाली. आत मोट उसवत गेलेली असते.

अनुदान असेल तर आडोशाच्या शेतकऱ्याचा हिशेब बदलतो. थंडी, ऊन आणि थोडा वारा मिळून त्याला सरासरी १९,००० मिळण्यासारखे असतात आणि भरायचे फक्त ५,०००. तो थांबतो. पण याचीच उलटी बाजू अशी की भरपाई हवामान केंद्राच्या आकड्यावर मिळणार असेल, तर ज्याच्या शेतात केळीच नाही त्यालाही विमा काढावासा वाटतो. म्हणून लागवडीची पडताळणी होते. मुदत ऑक्टोबरच्या आसपास संपते त्यालाही कारण आहे: थंडी दारात आल्यावर विमा काढू दिला तर फक्त ज्यांना ती दिसते तेच येतील.

दर जास्त आहे का, हे कसं ओळखायचं?

आमच्या हिशेबात लांब पल्ल्याला जमलेल्या हप्त्याच्या ८० टक्के भरपाई जायला हवी. पण एखाद्या वर्षाकडे पाहून हे कधीच दिसत नाही. थंडी नाही, ऊन नाही, वारा नाही, असं वर्ष यायची शक्यता ०.८ गुणिले ०.५ गुणिले ०.८७५, म्हणजे ३५ टक्के. दर तीन वर्षांत साधारण एकदा कंपनी या मंडळात एक रुपयाही देणार नाही आणि पेपरात तिच्या नफ्याची बातमी येईल. साधारण सोळा वर्षांतून एकदा ऊन-वारा एकत्र येऊन ती हप्त्याच्या अडीचपटीहून जास्त देईल. एका मंडळाची पाच वर्षं घेतली तरी प्रमाण ४५ ते ११५ टक्क्यांच्या मध्ये कुठेही सहज पडू शकतं. म्हणून तक्रार करायचीच असेल तर एका गावाची नको. वेगवेगळ्या हवामानाच्या जिल्ह्यांची मिळून दहा वर्षं काढा. तिथेही प्रमाण साठच्या खाली राहत असेल तर दरात हवा भरलेली आहे.

मर्यादा बदलून मागायची असेल तेव्हाही हीच वही कामाची. मामांच्या गटाची मागणी होती की ४२ ऐवजी ४१ अंशांवर भरपाई द्या, कारण एका वर्षी चार दिवस ४२ च्या वर गेले, पाचवा दिवस ४१.९ वर अडकला आणि हाती काही आलं नाही. मागणी रास्त वाटते. पण समजा ४१ ची मर्यादा २० पैकी १६ वर्षी ओलांडली जाते. मग उन्हाचा निव्वळ हप्ता १२,५०० वरून २०,००० होतो, आणि ०.८८ ने भागल्यावर एकूण हप्ता हेक्टरी साडेआठ हजारांनी वाढतो. त्याऐवजी पायऱ्या पाडून मागणं स्वस्त पडतं: तीन दिवसांना थोडी भरपाई, पाचाला जास्त, आठाला पूर्ण. पाचव्या दिवसाची ती कड त्यात बोथट होते, आणि पहिल्या पायरीची रक्कम लहान ठेवली तर हप्ता फारसा हलत नाही.

आपल्या मंडळाची वही करताना एक गोष्ट आधी तपासा: केंद्राच्या नोंदींत कोरे दिवस किती आहेत. वाऱ्याच्या रात्री बॅटरी किंवा संपर्क तुटून नेमका तोच दिवस कोरा राहिलेला मी एकाहून जास्त वेळा पाहिला आहे. असे दिवस शेजारच्या केंद्रावरून भरले जातात, आणि वादळ पट्ट्याने येत असल्यामुळे शेजारी बहुधा शांतच असतं. मग भरपाईही हुकते आणि इतिहासातलं एक वादळही पुसलं जातं. मामांच्या वहीत आता अशा दिवसांपुढे लाल शाईने तारीख असते, आणि त्या रात्री कुणाकुणाची बाग पडली त्यांचे गट क्रमांक.